ओटा 24 चौरस फूट, बिल 37.5 चौरस फुटांचं: मधलं ग्रॅनाइट जातं कुठे?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार. डोंबिवलीच्या आमच्या जुन्या वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघराचं काम काढलंय. खोली 8 फूट बाय 7 फूट. ओटा एल आकाराचा करायचाय. खिडकीखालची 8 फुटांची भिंत पूर्ण आणि उजवीकडच्या 7 फुटांच्या भिंतीवर कोपऱ्यापासून 6 फूट. उरलेला एक फूट दारासाठी मोकळा सोडायचाय. ओट्याची रुंदी 2 फूट.

मी हिशोब केला तो असा. लांब बाजू 8 गुणिले 2 म्हणजे 16. आखूड बाजूचे कोपऱ्यातले 2 फूट लांब बाजूत आलेच, म्हणून उरले 4 गुणिले 2 म्हणजे 8. एकूण 24 चौरस फूट. दुकानदाराने दोन काळ्या स्लॅब दाखवल्या आणि 37.5 चौरस फुटांचं बिल केलं. 180 रुपये दराने 6,750 रुपये. माझ्या हिशोबाने 4,320 व्हायला हवे होते. विचारलं तर म्हणाला, "ताई, कटिंगचं वेस्टेज असतं."

पैसे दिलेत, पण माल अजून कापलेला नाही. कारागीर शनिवारी येणार. त्याआधी मला समजून घ्यायचंय की हे बरोबर आहे का, आणि कापताना मी कशावर लक्ष ठेवू. जमिनीला कोटा घालणार आहोत, त्याचाही असाच गोंधळ होईल अशी भीती वाटतेय.

निशांत78

ताई, सरळ सरळ जास्त लावलेत. वेस्टेज 10 टक्के धरतात, सगळीकडे तेच चालतं. 24 वर 10 टक्के म्हणजे 26.4. पुढची पट्टी धरली तरी 30 च्या वर जायचं काही कारण नाही. साडेसात फुटांचे पैसे परत मागा. आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये फरशीला मी 10 टक्के जादा घेतली होती, बरोबर पुरली.

अमेय_एडिसन

आम्ही इथे न्यू जर्सीत किचन केलं तेव्हा ग्रॅनाइट सोडून क्वार्ट्झ घेतलं. सील करावं लागत नाही, डाग सहसा पडत नाहीत. मुग्धा, अजून वेळ आहे तर क्वार्ट्झचा विचार कर. फक्त गरम कढई थेट ठेवायची नाही, त्यातलं रेझिन उष्णतेने पिवळं पडतं.

मुग्धा_डोंबिवली

अमेय, धन्यवाद, पण दगड घेऊन झालाय. आमच्याकडे कुकर उतरवून थेट ओट्यावरच ठेवला जातो, त्यामुळे ग्रॅनाइटच बरं. माझा प्रश्न कापण्याचा आहे.

पाथरवट

मी 19 वर्षं दगडाच्या कामात आहे. आधी गोडाऊनमध्ये होतो, आता ओटे आणि जिने बसवून देतो. ताई, दुकानदाराने फसवलं की नाही हे टक्क्यांवरून कळणार नाही. दोन्ही स्लॅबची लांबी-रुंदी इंचांत सांगा. पुढे पट्टी किती इंचांची लावणार तेही सांगा.

निशांतभाऊ, फरशीचा नियम ओट्याला लागू होत नाही. फरशी लहान तुकड्यांत येते, चार कमी पडल्या तर चार आणता येतात. ग्रॅनाइटची स्लॅब मात्र अख्खी घ्यावी लागते. तुमचा ओटा 8 फुटांचा आणि गोडाऊनमध्ये साडेआठ फुटांची स्लॅब असेल तर तो अर्धा फूट तुमच्याच बिलात येतो. दुकानदार तो कापून ठेवणार नाही, कारण 6 इंच रुंदीचा तुकडा पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही.

मुग्धा_डोंबिवली

बिलावरून लिहिते. पहिली 102 बाय 30 इंच, म्हणजे 21.25 चौरस फूट. दुसरी 78 बाय 30 इंच, म्हणजे 16.25. मी टेपने मोजून पाहिल्या, दोन्ही बरोबर भरल्या. पट्टी 3 इंचांची, ओट्याच्या कडेला खालून चिकटवायची आहे.

पाथरवट

मग आता कागदावर कापून बघू. शनिवारी हाच कागद कारागिराच्या हातात द्या.

आधी पट्टीची लांबी. लांब बाजूची समोरची कड 96 इंच, त्यातले 24 इंच कोपऱ्यात आखूड बाजूला चिकटतात, म्हणून दिसतात 72. आखूड बाजूची समोरची कड 48. दाराकडचं उघडं टोक 24. एकूण 144 इंच, म्हणजे 12 फूट. 3 इंच रुंदीने ती 3 चौरस फूट झाली. म्हणजे तुमची खरी गरज 24 नव्हे, 27 आहे. ही पट्टी बहुतेक लोक हिशोबात विसरतात.

पहिली स्लॅब, 102 बाय 30. हिच्यातून 96 बाय 24 चा मोठा तुकडा निघेल. त्याच्या बाजूला 6 इंचांची लांब पट्टी उरते. तिच्यातून 3 इंचांची एक पट्टी 96 इंच लांबीची काढा. तिचे 72 आणि 24 असे दोन भाग केले की समोरची कड आणि दाराकडचं टोक दोन्ही झालं. आता उरली 3 इंचांची दुसरी पट्टी. ती कागदावर 3 इंच दिसते, हातात अडीचच येईल. पातं प्रत्येक कापाला 3 ते 4 मिलिमीटर दगड खातं आणि स्लॅबची बाहेरची कड वेडीवाकडी असते, तिथे पॉलिशही नीट पोचलेलं नसतं. ती पट्टी सोडून द्या. लांबीत 6 इंचांचा तुकडा उरतो, तोही गेला.

दुसरी स्लॅब, 78 बाय 30. हिच्यातून 48 बाय 24 चा तुकडा आणि त्याच्या बाजूने 48 इंच लांबीची 3 इंची पट्टी. शेवटी 30 बाय 30 चा चौकोन अखंड उरतो. हा 6.25 चौरस फुटांचा माल आहे, याला वेस्टेज म्हणू नका.

आता बेरीज करा. 37.5 मधून ओट्याचे आणि पट्टीचे 27 गेले, 6.25 चा चौकोन हातात राहिला. खरोखर वाया गेले 4.25. पहिल्या स्लॅबचं टोक 1.25, तिच्या कडेची पट्टी 2, दुसरीच्या कडेची 1. दुकानदाराने खोटं मोजलेलं नाही. फक्त "वेस्टेज" या एका शब्दात उरलेला चौकोनही घातला, आणि तो तुमच्या घरी आला नाही तर ते खरंच वेस्टेज होईल. त्यामुळे कापणी गोडाऊनला होणार असेल तर चौकोन सोबत मागून घ्या.

निशांत78

4.25 भागिले 37.5 म्हणजे 11 टक्के. मग माझे 10 टक्के फार चुकले नव्हते :)

पाथरवट

आकडा जवळ आला तो योगायोगाने. याच ओट्याला दुकानात 36 इंच रुंदीच्या स्लॅब असत्या तर वाया जाणं कितीतरी वाढलं असतं. 27 इंचांच्या मिळाल्या असत्या तर पट्टीलाच दगड पुरला नसता. 27 मधून 24 गेले की पातं आणि कड वजा जाऊन जेमतेम अडीच इंच उरतात. तेव्हा मी गिऱ्हाइकाला सांगतो, पट्टी अडीचची करा, म्हणजे तिसरी स्लॅब वाचते. टक्का शेवटी निघतो, आधी नाही. आधी स्लॅबची रुंदी बघायची.

निशांत78

मान्य. अजून एक विचारतो. कोपऱ्यात जोड सरळ न घेता 45 अंशांत तिरका घेतला तर जास्त छान दिसत नाही का? आमच्या शेजाऱ्यांकडे तसा आहे.

पाथरवट

तिरक्या जोडाला दोन्ही तुकडे बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत लांब लागतात. आखूड तुकडा 48 ऐवजी 72 इंचांचा घ्यावा लागेल. तो 78 च्या स्लॅबमध्ये बसतो, पण मग 30 चा चौकोन गेला, 6 इंचांचं टोक उरलं. शिवाय दोन्हीकडून 24 बाय 24 चा अर्धा, म्हणजे 2-2 चौरस फुटांचे त्रिकोण निघतात. 4 चौरस फूट त्रिकोणांत घालवून मिळालं काय, तर सरळ जोड 24 इंचांचा होता तो 34 इंचांचा झाला. वर त्याचं निमुळतं टोक मागच्या कोपऱ्यात येतं, बसवताना तेच आधी उडतं.

रेघा असलेला दगड असेल तर तिरका जोड शोभतो, कारण रेघ कोपऱ्यात वळल्यासारखी दिसते. तुमच्या काळ्याला रेघच नाही. सरळ जोड घ्या, काळ्या रंगाच्या इपॉक्सीने भरा.

वृंदा_सांगली

माझा अनुभव लिहिते, मुग्धाला उपयोग होईल. सांगलीच्या घरात पूर्वी कडप्प्याचा ओटा होता. चिंच, लिंबू सांडलं की पांढरट डाग पडायचे आणि ते घासून जायचे नाहीत. म्हणून 2019 साली ग्रॅनाइट केलं. दीड वर्षात सिंकच्या पुढच्या कोपऱ्यातून तडा गेला, केसासारखा बारीक, तिरका, थेट समोरच्या कडेपर्यंत. कारागीर म्हणाला, जड पातेलं आपटलं असणार. माझ्या हातून तसं काही झालेलं नाही. मला अजून वाटतं, दगडच खराब होता.

पाथरवट

काकू, दगडाला दोष देण्याआधी त्या कोपऱ्यात नीट बघा. सिंकचं कापलेलं भोक जिथे वळतं, तिथे पात्याचा काप कोपऱ्याच्या पुढे अर्धा-पाऊण इंच गेलेला दिसतो का? बहुतेक दिसेल.

हे का होतं ते सांगतो. ग्राइंडरचं पातं गोल असतं. वरून कापताना दगडाच्या खालच्या बाजूपर्यंत कोपरा सुटावा म्हणून कारागीर पातं पुढे रेटतो. खाली काप कोपऱ्यापर्यंत पोचतो तेव्हा वरचा काप कोपरा ओलांडून गेलेला असतो. ती जादाची चीर सिंकच्या कडेखाली लपते आणि तडा तिथूनच सुरू होतो. सिंकच्या पुढे उरलेला दगड असतो तीन-चार इंच रुंदीचा, ओट्याचा सगळ्यात अशक्त भाग तोच. त्यावर रोज कोणीतरी रेलून भांडी घासतं.

मुग्धाताई, शनिवारी इतकंच सांगा. चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक पाडायचं, मग भोकापासून भोकापर्यंत कापायचं. गोल कोपऱ्यातून तडा सहसा निघत नाही. सिंक कारागिरासमोर ठेवा, नुसत्या मापावर कापू देऊ नका. सिंकच्या दोन्ही बाजूंना खाली उभा कडप्पा असायलाच हवा. आणि कापताना मधल्या तुकड्याला खालून टेकू द्या. तो अचानक सुटून पडला तर जाताना कडेचा टवका घेऊन जातो.

तो मधला तुकडाही तुमचाच आहे. साधारण 22 बाय 16 निघतो, बाथरूमच्या कोनाड्याला चालतो.

वृंदा_सांगली

आत्ताच सिंकखाली टॉर्च धरून पाहिलं. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तशी चीर आहे. तडा उजवीकडच्या चिरेतूनच निघालाय. चार वर्षं मी दगडवाल्याला बोल लावत होते.

कोकणी_माणूस

दगडही तपासायला हवा पण. काळ्यात रंग मारलेला माल येतो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर रंग आहे, दोन-तीन वर्षांत ओटा करडा दिसायला लागतो. बिल झालं असलं तरी कापण्याआधी बदलून मिळू शकतो, कापल्यावर नाही.

मुग्धा_डोंबिवली

दोन्ही स्लॅब घासून पाहिल्या. फडकं स्वच्छ राहिलं, नुसती धूळ आली.

आता कोट्याचं. 22 बाय 22 इंचांची फरशी घेतोय. 8 बाय 7 ची खोली म्हणजे 56 चौरस फूट. ट्रॉल्या येणार म्हणून ओट्याखालीही फरशी घालायची आहे. किती मागवू?

निशांत78

यात तरी 10 टक्के धरू द्या. 62 चौरस फूट.

राजन_संभाजीनगर

चौरस फुटांत मागवू नका, नगांत मागवा. मी इथेच फसलो. मी घेतलेली फरशीही 22 इंचांचीच होती, पण दुकानात तिला "दोन बाय दोन" म्हणत होते आणि बिलात एका नगाचे 4 चौरस फूट लावले. 22 बाय 22 म्हणजे फक्त 3.36 होतात. 100 नगांना मी 64 चौरस फुटांचे जादा पैसे भरले. वेस्टेज वाटत होतं ते मुळात घरी आलंच नव्हतं.

पाथरवट

राजनभाऊंचं बरोबर. मुग्धाताई, नग मोजू. कोट्याच्या कडा सरळ करून घेतल्या की 22 ची फरशी साधारण साडेएकवीस उरते. 96 इंचांत चार अख्ख्या बसतात, 10 इंच उरतात. 84 इंचांत तीन अख्ख्या, साडेएकोणीस उरतात. अख्ख्या झाल्या 12. साडेएकोणीसच्या ओळीला चार, प्रत्येकीला एक नग. 10 इंचांचे तुकडे हवेत चार, आणि एका फरशीतून ते दोन निघतात, म्हणजे दोन नग. एकूण 18. तडकलेल्या, कान उडालेल्या निघतात म्हणून दोन वर घ्या. 20 आणा.

हे 18 तेव्हाच पुरतात, जेव्हा मिस्त्री एका भिंतीपासून सुरुवात करून कापलेली ओळ ओट्याखाली टाकतो. बरेच मिस्त्री खोलीच्या मध्यावर रेघ मारून दोन्हीकडे सारखे तुकडे करतात. तसं केलं तर 96 इंचांत तीन अख्ख्या आणि दोन्ही बाजूंना पावणेसोळाचे तुकडे येतात. पावणेसोळाचे दोन एका फरशीतून निघत नाहीत. मग प्रत्येक ओळीला पाच, चार ओळींना 20 नग लागतात, आणि तुटीचे वेगळे.

राजन_संभाजीनगर

पण दारातून आत येताना एका बाजूला 10 इंचांची चिंधी दिसली तर वाईट नाही का दिसणार? माझ्या मते दोन नग जास्त गेले तरी मध्यावरूनच लावावं.

पाथरवट

हॉल असता तर मीही तेच म्हटलं असतं. इथे 10 इंचांची पट्टी डावीकडच्या भिंतीला जाते आणि साडेएकोणीसची ओळ खिडकीच्या ओट्याखाली. पण डोळ्यांना खटकत असेल तर ताईंनी ठरवावं, घर त्यांचं आहे.

मुग्धा_डोंबिवली

काम झालं. काय काय घडलं ते लिहिते.

आधी भिंती. पाथरवटदादांनी सांगितलं नव्हतं, पण कारागिराने आल्या आल्या कोपऱ्यातून एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण केली आणि तिरकं अंतर मोजलं. 5 फूट यायला हवं होतं, अर्धा इंच जास्त आलं. म्हणजे कोपरा काटकोनात नव्हता. 8 फुटांची भिंत धरून ओटा बसवला, तर आखूड बाजूला दाराकडच्या टोकाशी मागे इंचभर फट राहिली. स्लॅबची वेडी कड त्याने मुद्दाम भिंतीकडे ठेवली आणि ती फट मसाल्याने भरून त्यावर भिंतीच्या टाइल्स आणल्या. आता काहीच दिसत नाही. टाइल्स आधी लावून बसलो असतो तर पंचाईत होती. लांब तुकडाही 96 चा न ठेवता पाव इंच कमी केला. दोन भिंतींमध्ये अचूक मापाचा दगड उतरतच नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सिंकला चार भोकं पाडून कापलं. कारागिराला थोडा राग आला, पण कापलं.

एक गडबड झाली. 96 इंचांची बारीक पट्टी दोघांनी दोन टोकांना धरून उचलली आणि ती मध्येच मोडली. 72 चा अखंड तुकडा मिळालाच नाही. 48 आणि 48 झाले. समोर 48 चा लावला आणि उरलेल्यातून 24 कापून जोडला, उरलेले 24 दाराकडच्या टोकाला गेले. दगड एक इंचही वाया गेला नाही, पण समोर खिडकीखाली पट्टीला एक जोड आलाय. 30 चा चौकोन अख्खा घरी आला. त्यातून बाथरूमचा उंबरा काढलाय, उरलेल्याचं अजून ठरत नाही. सासूबाईंना देवघराखाली हवाय, मला खिडकीच्या कट्ट्याला.

पाथरवट

बारीक पट्टी नेहमी उभी धरून उचलायची, कड वर आणि कड खाली. आडवी धरली की स्वतःच्या वजनाने मोडते. हे मी आधी सांगायला हवं होतं. मोडली ती पट्टी दोन्ही 48 ची निघाली हे नशीब म्हणायचं.

राजन_संभाजीनगर

आणि फरशी कुठून लावली?

मुग्धा_डोंबिवली

भिंतीपासून. 20 आणल्या होत्या, एक तडकलेली निघाली, एक शिल्लक आहे. 10 इंचांची पट्टी मला रोज दिसते, राजनदादा. यजमानांना अजून दिसलेली नाही.

वृंदा_सांगली

पाथरवटदादा, माझ्या तड्याचं काय करू? इपॉक्सी भरून चालेल की पुढचा भाग बदलावा लागेल?

पाथरवट

काकू, तडा खालपर्यंत गेलाय का ते आधी बघा. वरून थोडं पाणी ओता आणि खालून हात लावा. ओलं लागलं तर आरपार आहे. मग सिंकपुढच्या दगडाखाली लोखंडी कोन द्यावा लागेल, नुसत्या इपॉक्सीने थांबणार नाही. फोटो टाका, मग नक्की सांगतो.